चार कॉर्ड, आठ मात्रा आणि एक गाणं

डावा हात अजिबात लावायचा नाही. उजव्या हाताच्या तर्जनीनं युकुलेलेच्या चारही तारांवरून वरून खाली एकदा सहज जायचं. तारा नीट लावलेल्या असतील तर जे ऐकू येतं ते बेसूर तर नसतंच, उलट एखाद्या गाण्याची सुरुवात वाटावी इतकं गोड असतं. हार्मोनियमवरच्या पांढरी एकला षड्ज धरला, तर या मोकळ्या तारांचे सूर येतात पंचम, षड्ज, गंधार आणि धैवत. प, सा, ग, ध. बोटं कुठंही न ठेवता एक सुरेल स्वरसमूह या वाद्यात आधीच बसलेला आहे.

नवशिक्याच्या दृष्टीनं ही फार मोठी सवलत आहे. डाव्या हाताची बोटं एका जागेवरून दुसऱ्या जागी जात असताना मधल्या क्षणी तारा मोकळ्या राहिल्या आणि उजवा हात त्यांच्यावरून गेला, तरी ऐकणाऱ्याला चूक जाणवत नाही. पहिलं गाणं या सवलतीच्या जोरावर उभं करता येतं. ते कसं, हे पाहण्यासाठी एकच गाणं घेऊ: बेन ई. किंग या अमेरिकी गायकाचं १९६१ सालचं ‘स्टँड बाय मी’. किंगनं ते जेरी लीबर आणि माइक स्टोलर यांच्याबरोबर लिहिलं. जगभरच्या युकुलेले वर्गांत ते शिकवलं जातं, याला गाण्याची लोकप्रियता कारण आहेच, पण त्याची रचनाही तितकीच कारण आहे.

त्याआधी वाद्याची थोडी ओळख. युकुलेले हवाईचं म्हणून ओळखलं जातं, पण त्याचे पूर्वज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज मदेराहून उसाच्या मळ्यांवर काम करायला निघालेली माणसं घेऊन होनोलुलूच्या बंदराला लागलं. त्यांत मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. मदेरातल्या मशेत नावाच्या छोट्या तंतुवाद्यावरून त्यांनी होनोलुलूत नवी वाद्यं घडवायला सुरुवात केली आणि हवाईच्या लोकांनी ती आपलीशी केली. तिथं या वाद्याला ‘उकुलेले’ म्हणतात. त्या नावाचा अर्थ बहुतेक वेळा ‘उड्या मारणारी पिसू’ असा सांगितला जातो.

दुकानात त्याचे चार आकार दिसतात. सोप्रानो सगळ्यात लहान, मग कॉन्सर्ट, टेनर आणि बॅरिटोन. पहिल्या तिघांच्या तारा सारख्याच लावतात, त्यामुळे पुढे सांगितलेलं सगळं या तिघांवर जसंच्या तसं चालतं. बॅरिटोनच्या तारा गिटारच्या खालच्या चार तारांसारख्या लावलेल्या असतात. त्यावर बोटं याच जागी ठेवली तर कॉर्ड भलतीच वाजते. म्हणून पहिल्या गाण्यासाठी बॅरिटोन नको.

तारा लावतानाच बऱ्याच जणांची पहिली फसगत होते. वाद्य छातीशी धरल्यावर छताच्या बाजूला असते ती जी तार, मग सी, मग ई आणि सगळ्यात खाली, जमिनीच्या बाजूला, ए. गिटारवर सगळ्यात वरची तार सगळ्यात खर्जातली असते, त्यामुळे इथंही तसंच असेल असा समज होतो. पण युकुलेलेची वरची जी तार खर्जातली नाही. ती सी आणि ई या दोन्हींपेक्षा उंच सुरात असते. सगळ्यात खालचा सूर दुसऱ्या तारेचा, म्हणजे सीचा.

हे माहीत नसलेला माणूस ट्यूनरवर ‘जी’ दिसलं की खूश होतो, पण तो जी एक सप्तक खालचा असतो आणि तार लोंबल्यासारखी सैल पडलेली असते. ताळा करायची सोपी रीत आहे. सी तार चौथ्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या ईशी जुळली पाहिजे. ई तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या जीशी जुळली पाहिजे. आणि जी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या एशी. नव्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जात राहतात आणि सूर उतरत राहतो. वाद्य खराब निघालं असं समजून ते परत करायला धावू नये. वाजवायला बसताना दर वेळी तारा लावून घ्याव्यात.

आता गाणं. ‘स्टँड बाय मी’मध्ये कडवं आणि ध्रुवपद यांच्यासाठी वेगवेगळ्या कॉर्ड नाहीत. आठ मापांचं एक आवर्तन आहे आणि तेच पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत राहतं. दर मापात चार ठोके. पहिली दोन मापं सी, पुढची दोन ए मायनर, मग एक माप एफ, एक माप जी सेव्हन आणि शेवटची दोन पुन्हा सी. मूळ ध्वनिमुद्रणात पट्टी वेगळी आहे, पण कॉर्डमधलं नातं हेच.

सी, सी, ए मायनर, ए मायनर, एफ, जी सेव्हन, सी, सी.

या आठ मापांकडे जरा निरखून पाहिलं की नवशिक्याच्या सोयीची गोष्ट लक्षात येते. आवर्तनाच्या शेवटी सीची दोन मापं आणि लगेच पुढच्या आवर्तनाच्या सुरुवातीला पुन्हा सीची दोन. म्हणजे सलग चार मापं, अर्धं गाणं, एकाच कॉर्डवर. आणि ती कॉर्ड युकुलेलेवरची सगळ्यात सोपी आहे. अनामिका ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटमध्ये ठेवायची, संपलं. बाकी तिन्ही तारा मोकळ्या. कॉर्डच्या तक्त्यात हे ०००३ असं लिहितात. आकडे जी, सी, ई, ए या क्रमानं वाचायचे आणि शून्य म्हणजे मोकळी तार.

बाकीच्या तीन कॉर्डही ओळीनंच शिकाव्यात, कारण प्रत्येक आकार आधीच्या आकारातून निघतो. सीवरून ए मायनरला जाताना अनामिका उचलायची आणि मधलं बोट जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटमध्ये ठेवायचं: २०००. ए मायनरवरून एफला जाताना काहीच उचलायचं नाही. मधलं बोट आहे तिथंच राहतं आणि तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटमध्ये येते: २०१०.

एफवरून पुढं जाताना मात्र बहुतेकांची गाडी अडते. अनेक तक्त्यांत इथं साधी जी कॉर्ड दिलेली असते, ०२३२. तिच्यासाठी तीनही बोटं एकदम उचलून नव्या जागी टाकावी लागतात. त्याऐवजी जी सेव्हन घेतली, म्हणजे ०२१२, तर काम निम्म्यावर येतं. तिच्यातही तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटमध्येच असते, म्हणजे एफमध्ये होती तिथंच. ती हलवायचीच नाही. मधलं बोट त्याच दुसऱ्या फ्रेटमध्ये राहून जी तारेवरून शेजारच्या सी तारेवर सरकतं, आणि अनामिका ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटमध्ये टेकते. तिन्ही बोटांचा छोटा त्रिकोण होतो.

जी सेव्हनवरून सीला परतणं तर याहून सोपं. अनामिका ए तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये आहेच. ती तारेवरून न उचलता एक फ्रेट पुढं सरकवायची आणि बाकी दोन बोटं सोडून द्यायची. सी तयार. अशा रीतीनं चारपैकी तीन बदलांत कोणतं ना कोणतं बोट कामाला येतं: एकदा मधलं जागेवर थांबतं, एकदा तर्जनी थांबते, एकदा अनामिका सरकते. उरतो तो फक्त सी ते ए मायनर हा बदल. त्यात सगळंच बदलतं, पण सगळं म्हणजे एक बोट.

सरगमच्या भाषेत पाहिलं तर या चौघींचं काम आणखी स्पष्ट होतं. सीमध्ये सा, ग, प. एफमध्ये म, ध, सा. जी सेव्हनमध्ये प, नी, रे आणि म. म्हणजे तिघींत मिळून सातही शुद्ध स्वर आले. ए मायनरमध्ये ध, सा, ग. तिचे दोन स्वर सीचेच, म्हणूनच सीवरून तिच्यावर गेलं की जागा न बदलता फक्त उजेड थोडा मंद झाल्यासारखं वाटतं. जी सेव्हनमध्ये शुद्ध नी आणि म एकत्र येतात आणि कान लगेच पुढच्या सा-ग ची वाट पाहू लागतो. गाणं न येणारी माणसंसुद्धा त्या मापानंतर आपोआप ‘आता घरी आलो’ अशी मान डोलावतात.

कॉर्ड लावली की ती खरोखर वाजते का, हे एकेक तार वेगळी छेडून पाहावं. एकत्र वाजवताना एखादी मेलेली तार बाकीच्यांच्या आवाजात लपून जाते. एफमध्ये ठरलेली चूक म्हणजे तर्जनी आडवी पडते आणि शेजारच्या ए तारेला खालून टेकते. मग ती तार ‘टक्’ असा कोरडा आवाज करते. बोटाचं पहिलं पेर कमानीसारखं उभं ठेवलं आणि नखं कापलेली असली की ती मोकळी होते. तार झणझणत असेल तर बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीपासून फार मागं आहे. ते पट्टीच्या अगदी अलीकडे आणावं, पण पट्टीवर चढवू नये. सोप्रानोवर पहिल्या फ्रेटची जागा जेमतेम १८ मिलिमीटर असते, त्यामुळे एवढासा फरकही ऐकू येतो. बरोबर जागी बोट असेल तर जोर फार लागत नाही. अंगठ्याचा तळवा दुखू लागला, तर तार दाबण्याऐवजी मानच आवळली जात आहे असं समजावं.

आता उजवा हात. ‘स्ट्रमिंग पॅटर्न’ म्हटलं की नवशिक्यांना वाटतं की कुठला फटका कधी मारायचा याची एक यादी पाठ करायची आहे. प्रत्यक्षात पॅटर्न फटके मारून जितका बनतो, त्याहून अधिक ते गाळून बनतो.

हाताची हालचाल आधी. तर्जनी थोडी वाकवून, नखाची बाजू तारांवर, आणि मनगट सैल. हात धुतल्यावर पंचा मिळाला नाही की आपण बोटं झटकतो, तेवढंच. खाली येताना नख तारांना लागतं, वर जाताना बोटाचं मऊ टोक. जागा साधारण मान जिथं वाद्याच्या पोटाला जुळते तिथली, गोल छिद्राच्या वर नाही. तिथं आवाज मऊ येतो आणि हातालाही अडथळा होत नाही. वर जाताना चारही तारा लागल्याच पाहिजेत असं नाही. खालच्या दोन-तीन लागल्या तरी पुरे, आणि ते जास्त हलकं वाटतं.

एका मापात चार ठोके, आणि प्रत्येक ठोक्याच्या मध्ये एक अर्धा. मोजायचं असं: एक-नी-दोन-नी-तीन-नी-चार-नी. आठ जागा. हात प्रत्येक आकड्यावर खाली आणि प्रत्येक ‘नी’वर वर जातो. तबल्याशी ओळख असलेल्यांना हा आकडा परका नाही. केरव्याच्या आठ मात्रा, धा गे ना ती, ना के धीं ना, याच आठ जागांवर बरोबर बसतात.

आता सगळीकडे शिकवला जाणारा पॅटर्न, ज्याला इंग्रजीत ‘आयलंड स्ट्रम’ म्हणतात: डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. कागदावर पाहिलं तर सहा फटके. ते सहा फटके म्हणून पाठ केले की हात गोंधळतो, कारण मध्ये दोन अप लागोपाठ येतात आणि वर गेलेला हात पुन्हा वर कसा जाणार, हा प्रश्न पडतो. आठ जागांवर मांडलं की उत्तर दिसतं.

एक: डाऊन. नी: गाळलं.
दोन: डाऊन. नी: अप.
तीन: गाळलं. नी: अप.
चार: डाऊन. नी: अप.

‘तीन’वर हात खाली येतोच, फक्त तारांना न लागता, दोन बोटं अंतरावरून. म्हणून पुढचा अप आपोआप हाताशी असतो. हात घड्याळाच्या लंबकासारखा सतत खाली-वर होत राहतो. काय बदलतं, तर कुठल्या फेरीत तो तारांना शिवतो आणि कुठल्या फेरीत हवेतून जातो, एवढंच.

एक योगायोग मराठी वाचकाला गंमतीचा वाटेल. या पॅटर्नमध्ये आठांपैकी गाळलेल्या दोन जागा आहेत दुसरी आणि पाचवी. केरव्याची काल, जिला खाली म्हणतात, ती पाचव्याच मात्रेवर असते. तिथं तबला गप्प बसत नाही. डग्ग्याचा घुमारा तेवढा काढून घेतला जातो आणि नुसती थाप राहते. होनोलुलूच्या आणि नागपूरच्या वादकांनी कधी एकमेकांना विचारलं नसावं, पण आवर्तनाच्या ऐन मध्यावर वजन काढून घेतलं की ताल डुलू लागतो, हे दोन्हीकडच्या हातांना कळलेलं दिसतं. ज्याला केरवा तोंडानं म्हणता येतो त्यानं बोल म्हणत हात हलवून पाहावा. ‘धा’ खाली, ‘गे’ मोकळा, ‘ना’ खाली, ‘ती’ वर, मग कालीचा ‘ना’ हवेतून, ‘के’ वर, ‘धीं’ खाली, ‘ना’ वर.

शिकण्याचा क्रम मात्र या पॅटर्नपासून सुरू होत नाही. पहिल्या पायरीवर प्रत्येक मापाच्या पहिल्या ठोक्याला एकच डाऊन आणि उरलेले तीन ठोके मोजत नुसतं गाणं. दुसऱ्या पायरीवर चारही ठोक्यांवर डाऊन. तिसरीवर आठही जागा, डाऊन-अप-डाऊन-अप, काही न गाळता. आणि चौथ्या पायरीवर त्यातल्या दोन जागा काढून टाकायच्या. तिसऱ्या पायरीवर हात लंबकासारखा चालू लागलेला असतो, म्हणून चौथी वाटते तितकी अवघड जात नाही.

वेगाचा हिशेब साधा आहे. मूळ गाणं मिनिटाला साधारण १२० ठोक्यांच्या आसपास चालतं. म्हणजे एक माप दोन सेकंदांचं, आठ मापांचं आवर्तन सोळा सेकंदांचं. एफ आणि जी सेव्हन यांना प्रत्येकी दोनच सेकंद मिळतात. म्हणून स्ट्रमिंगशिवाय नुसते एफ ते जी सेव्हन आणि परत असे बदल एका मिनिटात तीस वेळा जमतात का, हे घड्याळ लावून पाहावं. पंधराच जमत असतील तर निराश व्हायचं कारण नाही. गाणं मिनिटाला ६० ठोक्यांवर घ्यावं. तितक्या वेगाला पंधरा बदल पुरतात, आणि हळू घेतलेलं ‘स्टँड बाय मी’ वाईट वाटत नाही. पुढच्या काही दिवसांत ठोके पाच-पाचनं वाढवता येतात.

डावा आणि उजवा हात एकत्र आले की हमखास एक बिघाड होतो. बोटं नव्या कॉर्डवर पोचेपर्यंत उजवा हात थांबून राहतो, वाट पाहतो आणि मग पुन्हा सुरू होतो. वाजवणाऱ्याला ते लक्षात येत नाही, पण गाणाऱ्यांचा पाय तिथंच अडखळतो. आपला बिघाड ओळखायचा तर फोनवर ध्वनिमुद्रण करावं आणि ते ऐकताना टाळी द्यावी. टाळी जिथं वाजवणाऱ्याच्या पुढं निघून जाते, तिथं हात थांबला होता.

सुरुवातीला सांगितलेले मोकळ्या तारांचे प, सा, ग, ध इथं उपयोगी पडतात. मापाची आठवी जागा, म्हणजे ‘चार-नी’चा अप, ही बोटं हलवायची हक्काची जागा. त्या अपच्या वेळी डावी बोटं जुनी कॉर्ड सोडून नवीकडे निघतात. उजवा हात मोकळ्या तारांवरून वर जातो. जो आवाज येतो तो जुन्या कॉर्डचा नसतो, नव्याचाही नसतो, पण सुरात असतो आणि पाव सेकंदात संपतो. पुढच्या ‘एक’ला बोटं जागेवर हवीत. एखादं बोट उशिरा पोचलं तर चुकीच्या सुरापेक्षा मोकळी तार बरी. ताल तुटला तर मात्र सगळ्यांना कळतं. नावाजलेले वादकसुद्धा हा मधला मोकळा अप सर्रास वापरतात.

यावर गायचं म्हटलं की दुसरा पेच उभा राहतो. शब्दांचा ताल हाताला आपल्याकडे ओढतो. गायक एखादा शब्द ठोक्याच्या आधी किंवा नंतर टाकतो आणि हात त्याच्या मागं धावत सुटतो. यावर उपाय म्हणजे पायरी उतरणं. पॅटर्न सोडून मापाला एकच डाऊन वाजवत पूर्ण कडवं गावं. ते न अडखळता झालं की चार डाऊन. गाताना पॅटर्न बिघडला की नवशिक्या पॅटर्नचाच सराव वाढवतो, पण पॅटर्न त्याला आलेलाच असतो. त्याला हवा असतो आवाज आणि हात वेगवेगळे चालू ठेवण्याचा सराव, आणि तो सोप्या हातावरच होतो.

मग येते पट्टी. बेन ई. किंगचं मूळ गाणं ए पट्टीत आहे, हार्मोनियमच्या भाषेत पांढरी सहा. युकुलेलेवर सोपे आकार सीमध्ये पडतात म्हणून आपण पांढरी एकमध्ये वाजवतो. काळ्या-पांढऱ्या धरून ती तीन पट्ट्या वर आहे. काही आवाजांना वरचे सूर ताणून लावावे लागतात. तेच सूर एक सप्तक खाली घेतले तर पुष्कळांना फार खर्जात वाटतं. तेव्हा कॅपो नावाचा छोटा चिमटा मदतीला येतो. तो पहिल्या फ्रेटवर लावला की तेच चार आकार काळी एकमध्ये वाजतात, दुसऱ्यावर लावला की पांढरी दोनमध्ये, तिसऱ्यावर काळी दोनमध्ये. बोटांना काहीच नवं शिकावं लागत नाही. फक्त लक्षात ठेवायचं की कॅपो पट्टी वर नेतो, खाली कधीच आणत नाही. चार-पाच जण गाणार असतील तर सगळ्यात कमी पल्ल्याचा आवाज कुणाचा आहे हे पाहून त्याला सोयीची पट्टी ठरवावी. बाकीचे जुळवून घेतात.

घरच्या मैफलीत एखादा मोठा माणूस लगेच मराठी भावगीताची फर्माईश करतो, आणि चार कॉर्डच्या भरवशावर वाजवणारा हो म्हणून बसतो. इथं थोडं जपून. या चार कॉर्ड शुद्ध स्वरांवर बेतलेल्या आहेत. गाण्यात यमनची छाया असेल तर तीव्र मध्यम येणार, आणि एफमधला शुद्ध मध्यम त्याच्या शेजारी वाजला की दोघांचं भांडण लगेच ऐकू येतं. कोमल गंधार किंवा कोमल धैवताच्या चालीतही सी किंवा एफ कॉर्ड अशीच खटकते. चाल शुद्ध स्वरांत बसली तरी कॉर्ड कुठं बदलायची हे कानानं शोधावं लागतं. पहिल्याच दिवशी ते अंगावर घेण्याचं कारण नाही.

चार-पाच जणांत वाजवताना पहिलं आवर्तन नुसतं वाजवावं, कुणी गाऊ नये. त्यात ताल आणि पट्टी सगळ्यांच्या कानात बसते. मग ‘एक, दोन, तीन, चार’ असं मोठ्यानं मोजून सगळ्यांनी एकत्र सुरू करावं. टाळ्या पडू लागल्या की गाण्याचा वेग नकळत वाढतो, विशेषतः ध्रुवपदात, आणि वाजवणारा त्या ओढीत वाहून गेला की एफ ते जी सेव्हनची दोन सेकंदं दीड होतात. पाय जमिनीवर टेकवून ठोका धरून ठेवला तर गाणारे परत त्याच्याकडे येतात. जवळ कुणी दुसरा वाजवणारा असेल तर त्याला कॉर्ड बदलायच्या एक ठोका आधी नाव पुकारून सांगावं: ‘एफ!’, ‘जी सेव्हन!’ त्याच ठोक्याला सांगितलं तर फार उशीर होतो.

शेवटच्या आवर्तनात शेवटच्या दोन सी मापांपैकी पहिलं नेहमीसारखं वाजवावं. दुसऱ्या मापाच्या ‘एक’ला एकच डाऊन, संथ, जी तारेपासून ए तारेपर्यंत एकेक सूर सुटा ऐकू येईल असा. मग उजवा हात बाजूला घ्यावा आणि डाव्या हाताची अनामिका मात्र तशीच दाबून ठेवावी. ती आधी उचलली तर आवाज मध्येच तुटतो. युकुलेलेच्या नायलॉनी तारांचा नाद लवकर विरतो, दोन-तीन सेकंदांत. पुढचं गाणं हवं असेल तर बीटल्सचं १९७० सालचं ‘लेट इट बी’ मुळातच सी पट्टीत आहे. त्याच्या कडव्याला याच चार कॉर्ड चालतात, फक्त क्रम वेगळा: सी, जी, ए मायनर, एफ, आणि मग सी, जी, एफ, सी. तिथं मूळ कॉर्ड साधी जी आहे, पण तोवर बोटांना सवय झालेली नसेल तर जी सेव्हननं काम भागतं.